कै. मंदार राजूरकर यांचे चिरंजीव

गावाबाहेरच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजातून कोणताही कागद बाहेर पडायचा तर तो आधी इंदुताईंच्या टेबलावरून जायचा. जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, मग तिकीट. प्राचार्यांचं पत्र असो की ग्रंथपालाचं, त्यांना सारखंच.

"आत काय लिहिलंय ते माझं काम नाही," त्या म्हणायच्या. "वर कोणाचं नाव आहे, तेवढं माझं."

राजूरकर हे त्यांचं आडनाव पगारपत्रकापुरतं होतं. मुलं त्यांना ताई म्हणायची, सर लोकही ताईच म्हणायचे. कॉलेजच्याच संस्थेच्या दारव्ह्याच्या शाळेत त्यांनी उभी नोकरी काढली आणि मग मागून घेऊन या कॉलेजात बदली करून घेतली. सगळ्यांना वाटलं, घर यवतमाळात, जीपमध्ये कोंबून जायचा कंटाळा आला असेल. त्यांनीही तसंच वाटू दिलं. खरं कारण असं, की त्यांचा मंदार या कॉलेजात शिकला होता. इथल्या वर्कशॉपमधून रात्री हातांना ग्रीस लावून घरी यायचा. पुण्याला पहिली नोकरी लागली आणि वर्ष व्हायच्या आत तिथल्या एका दवाखान्यात तापानं गेला. लग्न व्हायचं होतं. बोलणीसुद्धा सुरू व्हायची होती.

कॉलेजात आल्यावर माजी विद्यार्थ्यांची जुनी फाटकी नोंदवही नव्यानं उतरवायचं काम त्यांच्याकडे आलं. आपल्या मुलाच्या ओळीशी आल्या तेव्हा त्यांनी नावाआधी 'कै.' लिहिलं, कारण ते खरं होतं. पुढं 'मंदार' लिहिलं. मग 'वामन' लिहायची वेळ आली आणि पेन थांबलं. वामन म्हणजे त्यांचे यजमान, जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन घरी पेपर वाचत बसलेले, धडधाकट. ज्या ओळीच्या तोंडाशी 'कै.' बसलंय, त्या ओळीत बायकोनं आपल्या हातानं नवऱ्याचं नाव कसं लिहायचं? त्यांनी ते गाळलं. 'कै. मंदार राजूरकर', आणि पुढं घरचा पत्ता.

वही कपाटात गेली. ती कोणी उघडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्या साली कापसाचं पार वाटोळं झालं होतं. बाजारात दुकानं उघडी असायची, पण दुकानदार दारात उभे राहून रस्त्याकडे बघायचे. अशा दिवसांत कॉलेजच्या रोबोटच्या टीमनं गावात मदत मागायला पत्रं काढली. मार्चमध्ये पुण्याला स्पर्धा होती. पहिल्या पत्रांना शिक्का इंदुताईंनीच मारला. आठवड्याभरानं टीमचा पुढारी कपिल राठोड आणि हिशेब-कागद बघणारी मिताली त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. कपिल दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा, घरी कापूसच. मितालीचे वडील बँकेत, तिचं सगळं शिक्षण हैदराबादला झालं होतं. मराठी बोलायची छान, वाचायची मात्र बोट ठेवून.

"काय झालं? तोंडं काहून उतरली?"

"बॅटरीवाला म्हणते," कपिल म्हणाला, "गणपती झाला, देवी झाली, आता हा कोणता उत्सव काढला तुमी."

"आणि जिनिंगवाले अंकल बोलले," मिताली म्हणाली, "औंदा आमच्या गाठीच नाही बांधल्या, तुमचं यंत्र कायले बांधू."

"वर्गणी समजून राह्यले ताई. आमी वर्गणी मागतच नाई. आमाले सामान पायजे."

"मग तसं लिहिलंय का पत्रात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इंदुताईंनी पहिल्यांदाच आपला नियम मोडला आणि पत्र आतून वाचलं. पहिला परिच्छेद तंत्रज्ञानाच्या युगाबद्दल, दुसरा तरुण पिढीबद्दल. काय पाहिजे ते तिसऱ्या पानावर, तेही 'यथाशक्ती सहकार्य' या शब्दांत.

"यथाशक्ती म्हटलं की माणूस आधी पाकीट दाबतो," त्या म्हणाल्या. "पहिल्याच ओळीत लिहा, आम्हांला रक्कम नको, वस्तू हवी. मग कोणती वस्तू, केवढी, किती. कधीपर्यंत. वापरलेली पण चालू असेल तरी चालेल, हेही लिहा. आणि ज्याच्या दुकानात जी वस्तू मिळते, त्याला तीच मागा. बॅटरीवाल्याला अॅल्युमिनियमचा चॅनल मागाल तर तो काय करेल?"

"आणि त्यांना काय मिळणार?" मितालीनं विचारलं.

"ते तुम्ही सांगा. मी का देणारी आहे?"

तेव्हा मितालीनं एक संमतीची चिठ्ठी केली. कोणती वस्तू देणार, कधी देणार, आणि शेवटी एक ओळ: 'रोबोटवर लावायचे नाव'. जो वस्तू देईल त्याचं नाव किंवा दुकानाची खूण रोबोटच्या बाजूच्या पत्र्यावर लागणार. स्पर्धा संपली की फोटोसह आभारपत्र.

नव्या पत्रानं काम केलं. बॅटरीवाल्यानं बॅटरी दिली आणि दुकानाचं नाव 'जरा मोठं' लावा म्हणाला. हार्डवेअरवाल्यानं चॅनल दिले. जिनिंगवाल्यानं कपिलला बंद पडलेल्या प्रेसमध्ये नेलं आणि यंत्राला ठरल्या जागी थांबवणारे लिमिट स्विच काढून दिले.

"तिथं लय विचित्र वाटते ताई," कपिल सांगत होता. "एवढं मोठ्ठं शेड, अन् आवाज कायचाच नाई. मालक बोलले तर त्यायचाच आवाज वापस येते. म्हणाले, काढून ने बाबा, इथं कोणाले थांबवाचं हाय याले."

राहिल्या मोटरा. चार चाकांना चार, चोवीस व्होल्टच्या, गिअर बसवलेल्या. त्या गावात कोणाकडे मिळण्यासारख्या नव्हत्या. तेव्हा ठरलं, माजी विद्यार्थ्यांना लिहायचं. जुन्या लोकांचे ईमेल परत येत होते, म्हणून मितालीनं इंदुताईंकडून नोंदवही नेली, नावं-पत्ते उतरवले, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पाकिटांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला.

इंदुताई एकेका पाकिटावर क्रमांक घालत गेल्या. आर्णी, मारेगाव, नागपूर, पुणे. आणि मग हातात एक पाकीट आलं, त्यावर त्यांच्याच घरचा पत्ता होता.

'श्री. कैलास मंदार राजूरकर.'

त्यांना आधी काहीच कळलं नाही. मग कळलं. पोरीला 'कै.' म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिला ते नावाचं पहिलं अक्षर वाटलं असणार. क. वरून कपिल, तसं कै. वरून कैलास, दुसरं असतं तरी कोणतं? मग पुढचं मंदार हे साहजिकच वडिलांचं नाव झालं, आणि शेवटी आडनाव. आपल्याकडे नाव असंच लिहितात. पोरीनं काही चुकीचं केलं नव्हतं. तिनं फक्त मंदारला मुलगा दिला होता.

"ताई, काही मिस्टेक आहे का?" मिताली समोरच उभी होती.

"नाही."

"तुम्ही थांबलात, म्हणून."

"पेनातली शाई थांबली," इंदुताई म्हणाल्या, आणि पाकिटावर क्रमांक घातला, शिक्का मारला, गठ्ठ्यात ठेवलं. पाकीट बाजूला काढायला एक क्षण पुरला असता. पण जावकावर बसणाऱ्या बाईनं पत्र अडवायचं नसतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

तीन दिवसांनी पोस्टमन दाराशी आला तेव्हा इंदुताई भाजी निवडत होत्या आणि वामनराव ओट्यावर पेपर वाचत होते.

"कैलास राजूरकर कोण हो काका?" पोस्टमननं विचारलं. "नवीन पाव्हणे?"

"असा कोणी नाही इथं."

"मंग वापस लिहू? 'या नावाचा इसम येथे राहत नाही'?"

आतून इंदुताईंचा आवाज आला. "घेऊन ठेवा हो. राहतो."

वामनरावांनी पाकीट घेतलं. पोस्टमन सायकलला टांग मारून गेला. ते आत आले, चष्मा वर केला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. वामनराव जिल्हा परिषदेतले. कागदातली चूक कशी झाली असेल हे त्यांना पाहताक्षणी कळायचं.

"वहीत कै. लिहिलं होतंस का?"

"हो."

"आणि माझं नाव?"

"गाळलं."

"का?"

इंदुताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि भाजी पुढं ओढली. वामनरावांना उत्तर मिळालं असावं, कारण त्यांनी परत विचारलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे नातू झाला म्हणायचं आपल्याला. आणि तोही एकदम पदवीधर. बाळंतपण नाही, बारसं नाही, पोस्टानं घरी आला." बोलण्यात नेहमीचा तिरकसपणा होता, पण पाकीट त्यांनी टेबलावर टाकलं नाही. हातातच धरून बसले.

"परत पाठवायचं ना?" त्यांनी विचारलं.

"मोटरा पाहिजेत त्यांना. मंदारनंही पहिल्या वर्षी त्याच मागितल्या होत्या. कोणी दिल्या नव्हत्या. जीपच्या वायपरच्या मोटरा लावून गेली होती पोरं, आठवतं? एक चाक पुढं, एक मागं, यंत्र गोल गोल फिरत राहिलं म्हणाला."

"आठवतं."

"त्याचे विम्याचे पैसे आहेत. आपण दोघांनी कुठं हात लावला त्याला."

"द्यायच्या तर देऊ. पण मंदारच्या नावानं देऊ. हे काय सोंग?"

इंदुताईंनी पाकीट घेऊन फोडलं आणि आतली संमतीची चिठ्ठी पुढं ओढली. वस्तूच्या जागी चार मोटरा लिहिल्या. 'रोबोटवर लावायचे नाव' इथं आल्या आणि लिहिलं, कैलास मंदार राजूरकर. अक्षर कोणी ओळखू नये म्हणून सरळ अक्षरं तिरकी काढली. वामनराव बघत होते. थांबवलं मात्र नाही.

दारव्हा नाक्याजवळ बळीरामचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. नागपूरहून माल मागवून द्यायचा तो. इंदुताईंनी पत्रातलं वर्णन त्याच्यासमोर ठेवलं.

"कोणासाठी ताई?"

"नातवानं मागवल्यात."

हे तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांना वाटलं, दुकानात आणखी कोणीतरी येऊन उभं राहिलंय. त्यांनी मागं वळून पाहिलं. रस्ता होता.

"नातू? केवढा हाय?"

"इंजिनीअर आहे."

बळीरामनं त्यांच्या अर्धवट काळ्या केसांकडे पाहिलं. "तुमचं सारंच लवकर झालेलं दिसते मंग," तो म्हणाला. "बरं, त्या इंजिनीअरले इचारा, चाकाचं हब त्यानं करून ठेवलं का? भोक किती हाय? मोटरचा शाफ्ट गोल पायजे का एका बाजूनं चपटा? नाई तं मोटर येईन नागपूरवरून अन् चाकात बसनार नाई. मंग मले शिव्या द्यान."

म्हणून कैलासनं टीमला पहिलं पत्र लिहिलं. 'आपल्या चाकांच्या हबचे भोक किती मि.मी. आहे व शाफ्ट एका बाजूने चपटा हवा की गोल, हे त्वरित कळवावे.' खाली तिरकी सही. इंदुताईंनी ते बाजारातल्या पेटीत टाकलं आणि दोन दिवसांनी कॉलेजात आवक म्हणून स्वतःच घेतलं.

मितालीनं ते त्यांच्या समोरच फोडलं.

"सर बघ किती प्रॅक्टिकल आहेत," ती कपिलला म्हणाली. "बाकी सगळे ऑल द बेस्ट लिहितात. यांनी डायरेक्ट भोक विचारलं."

"आठ एमएम. चपटा," कपिल म्हणाला. "लिहून दे. अन् लिही, सर तुमचा फोन नंबर द्या."

नंबर काही आला नाही. पण पत्रं येत-जात राहिली. टीमची पत्रं इंदुताई जावकात घालत, घरी वामनराव घेत. उत्तरं घरी लिहिली जात, कॉलेजात इंदुताई घेत. कैलास कमी बोलायचा. बळीरामला विचारल्याशिवाय त्याला काही सांगता यायचं नाही, त्यामुळे त्याची उत्तरं उशिरा यायची आणि नेमकी असायची. मुलांना वाटायचं, सर बिझी असतात.

"पुण्याला असतीन," कपिल म्हणाला.

"ऑटोमेशनमध्ये," मिताली म्हणाली. "पत्ता यवतमाळचा आहे, तो आई-वडिलांचा असेल."

इंदुताई शिक्का मारत ऐकायच्या. त्यांना त्याचं घर दिसू लागलं. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेला शर्ट. त्याचं कपाळ मंदारसारखं. दुपारी जेवणाचा डबा उघडताना वाटायचं, त्यानं खाल्लं असेल का.

या काळात इतर पत्रंही परतू लागली. 'पत्ता सोडून गेले.' 'घर बंद.' मारेगावकडच्या एकावर पोस्टमननं नुसतं 'मयत' लिहिलं होतं. मितालीनं विचारलं, "मयत म्हणजे?"

"वारले."

"ओह. मग यादीत काय करायचं?"

"काट मारायची," इंदुताई म्हणाल्या. आपला आवाज त्यांना फारच शांत वाटला.

घरी बदल वामनरावांत झाला. आधी ते चिठ्ठ्या टेबलावर सरकवून द्यायचे. मग फोडून वाचू लागले. एक दिवस इंदुताई आल्या तर ते टेबलाशी बसून उत्तर लिहीत होते, तिरक्या अक्षरात.

"हे काय?"

"त्या पोरांनी विचारलंय, सर, तुमच्या वेळी टीम होती का. सांगायला नको?"

"काय लिहिलं?"

त्यांनी वाचून दाखवलं. 'आमचे वडील पहिल्या टीममध्ये होते. त्यांचा रोबोट गोल गोल फिरला. तुम्ही सरळ जा.'

"वडील कॉलेजात आणि मुलगाही त्याच कॉलेजातून पास," इंदुताई म्हणाल्या. "कॉलेज सुरू होऊन वर्षं किती झाली?"

वामनरावांनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली. "कोण मोजतंय."

कोणीही मोजलं नाही. उलट झालं ते इंदुताईंच्या ध्यानीमनी नव्हतं. मोटरा बळीरामकडून आल्या, चाकांत नीट बसल्या, आणि कॉलेजभर कैलास राजूरकरचं नाव झालं. विभागप्रमुखांनी मितालीला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा इंदुताई सह्यांचे कागद घेऊन तिथंच उभ्या होत्या.

"कैलास ना? हो हो," सर खुर्चीत मागं रेलले. "माझ्या हाताखालचाच. बारीकसा, चष्मा लावायचा. मागच्या बाकावर बसायचा, पण डोकं तेज. मी तेव्हाच म्हटलं होतं, हा पुढं जाणार."

प्रयोगशाळेतल्या साहाय्यकालाही तो आठवला. "अरे, तो तं माह्याकडून मल्टिमीटर नेऊन वापस द्यायचाच नाई."

मंदार उंच होता. चष्मा त्याला कधी लागला नाही. पहिल्या बाकावर बसायचा, तेही मागून फळा दिसत नाही अशी तक्रार करणाऱ्या मित्राला सोबत म्हणून. मल्टिमीटर त्यानं स्वतःचा घेतला होता.

"सर," इंदुताईंनी कागद पुढं करता करता विचारलं, "त्याच सुमाराचा एक मंदार राजूरकर होता ना? पहिल्या टीममध्ये?"

सरांनी सही केली. थोडा विचार केला. "मंदार? नाही हो. मंदार काही आठवत नाही."

"मंदार म्हणजे कैलास सरांचे फादर ना," मिताली म्हणाली.

"असेल, असेल. फादर असतील."

इंदुताई बाहेर आल्या आणि जागेवर बसल्या. समोर पाकिटं होती. शिक्का उचलला, पण कोणत्या कागदावर मारायचा ते आठवेना. त्यांचा मुलगा चार वर्षं या इमारतीत हिंडला होता, आणि कोणाच्या डोळ्यांपुढं उभा राहत नव्हता. जो कधीच नव्हता, त्याचा चष्मासुद्धा लोकांनी पाहिला होता.

फेब्रुवारीच्या शेवटी रोबोटच्या बाजूचे पत्रे छापायला जाणार होते. टीमला निरोप द्यायचा एक छोटा कार्यक्रम ठरला होता, त्यात विभागप्रमुख कैलासबद्दल बोलणार होते. छपाईच्या आदल्या दिवशी मिताली नावांची तपासायची प्रत टेबलाशी घेऊन आली. बॅटरीवाल्याचं नाव खरंच मोठं होतं. त्याच्याखाली 'मोटरा', आणि तिथं ठळक अक्षरांत कैलास मंदार राजूरकर.

"ताई, तुमचं मराठी पक्कं आहे. स्पेलिंग चेक कराल? आज छापायला गेलं की मग बदल नाही होणार."

"उद्या सकाळी सांगते."

"उद्या सकाळी नऊला तो माणूस छापेल."

"त्याच्या आधी सांगते."

संध्याकाळी त्यांनी वामनरावांना सांगितलं, की कैलासचं नाव खोडणार आहे. त्यांनी पेपरची घडी घातली.

"राहू दे ना इंदू," ते म्हणाले. "कोणाचं काय बिघडतंय."

"तुम्हीच म्हणाला होतात, सोंग काय."

"तेव्हा म्हणालो. आता पत्रं येतात. पोरं सर म्हणतात त्याला. कोणीतरी विचारतं घरात, की बाबा, याचं उत्तर काय द्यायचं. तू खोडलंस की तो जाईल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "एकदा पुण्याच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी उचलला होता. आता तूच सांग, पुन्हा कशाला?"

इंदुताई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

"अहो, तो जागा अडवून बसलाय," त्या म्हणाल्या. "आपल्याच पोराची. लोक त्याला जेवढं आठवतील, तेवढा मंदार पुसला जाईल. आत्ताच तो कोणाचा तरी बाप होऊन बसलाय. उद्या तेवढाही राहणार नाही."

वामनराव उठले आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले.

सकाळी इंदुताई वर्कशॉपमध्ये गेल्या. रोबोट लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवला होता, चाकं हवेत. कपिल रिमोटवरून ती फिरवून बघत होता. चारही मोटरा एका आवाजात गुणगुणत होत्या. मिताली प्रत घेऊन उभी राहिली.

"बरोबर आहे ना ताई?"

"बंद कर बेटा ते जरा," इंदुताई कपिलला म्हणाल्या.

आवाज थांबला.

"वहीत कै. लिहिलंय, ते नाव नाही. कैलासवासी. वारलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात." त्यांनी एक श्वास घेतला. "त्याचं नाव मंदार. तो माझा मुलगा."

मितालीनं हातातला कागद खाली घेतला. "पण ती पत्रं," ती म्हणाली. "सर लिहायचे. मला कालच आलंय एक."

"काल आलेलं त्याच्या वडिलांनी लिहिलंय. आधीची मी."

कपिल खाली बसला. "मंग सर कुठं हायत?" त्यानं विचारलं, आणि विचारल्यावर त्याला कळलं आपण काय विचारलं ते. तो मान खाली घालून एका चाकाचा स्क्रू आवळू लागला, जो आधीच आवळलेला होता.

"सॉरी काकू," मिताली म्हणाली. ती रडत होती. "मला खरंच माहीत नव्हतं. मी गूगल पण केलं नाही."

"तुझी चूक नाही. वडिलांचं नाव मी लिहिलं असतं तर तू फसली नसतीस." त्यांनी पेन घेतलं आणि प्रतीवरचं कैलास खोडलं. मंदारच्या पुढं वामन लिहिलं. "एवढंच छाप. आधी काही लावू नको. श्री. नको, कै. पण नको."

"काहीच नको?"

"वर लिहिलंय ना, मोटरा. मोटरा दिल्या एवढंच खरं आहे."

निरोपाच्या कार्यक्रमात विभागप्रमुख काय बोलणार याची कपिलला धास्ती होती. त्यानं आधी जाऊन त्यांना सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, आणि भाषणात त्यांनी कोणाचंच नाव घेतलं नाही. साहाय्यकानं मात्र इंदुताईंना गाठून हळूच विचारलं, "ताई, मंग मल्टिमीटर कोणी नेलं होतं हो?"

"ते मला काय माहीत," इंदुताई म्हणाल्या.

पुण्याला टीम दोन फेऱ्या टिकली. रोबोट सरळ गेला, तिसऱ्या फेरीत बॅटरीची तार सुटली. परत आल्यावर मितालीनं आभारपत्रं केली, प्रत्येकासोबत फोटो. सगळी पाकिटं घेऊन ती जावकावर आली तेव्हा एकावर नाव नव्हतं.

"हे कोणाला लिहू काकू?"

"वामन राजूरकर लिही."

"श्री. लावू ना?"

"लाव. ते आहेत."

पाकीट पोस्टानंच गेलं. दोन दिवसांनी वामनरावांनी ते ओट्यावर घेतलं, फोडलं, फोटो उजेडात धरला. पत्र्यावर 'मोटरा' या शब्दाखाली मंदारचं नाव होतं, आणि त्याच्या शेजारी त्यांचं. त्यांनी पाकीट उलटं करून झटकलं, आत आणखी काही आहे का ते बघायला.

"काय शोधताय?" इंदुताईंनी विचारलं.

"त्याला नाही आलं का काही?"

"कोणाला?"

वामनराव फोटोकडेच बघत होते. "कैलासला."

इंदुताईंनी त्यांच्या हातातून रिकामं पाकीट घेतलं आणि नीट घडी घातली.

"तो पुण्यालाच राहिला," त्या म्हणाल्या.

"बरं," वामनराव म्हणाले, आणि फोटो कुठं लावायचा ते बघायला आत गेले.